सोफ्यावर बसताच गेमचा कंट्रोलर बंद पडतो? दोष लांब यूएसबी वायरीचा असू शकतो. किती मीटर चालते, जाणून घ्या

हॉलमध्ये टीव्हीखाली कॉम्प्युटर किंवा गेमिंग कन्सोल, समोर सोफा आणि हातात वायरवाला कंट्रोलर. पण कंट्रोलरची वायर साधारण तीन मीटरचीच असते. ती सोफ्यापर्यंत पुरत नाही, म्हणून आपण बाजारातून पाच मीटरची एक्स्टेन्शन वायर आणतो. मेन्यू व्यवस्थित उघडतो, गाडीही पळते. पण पहिली धडक बसून कंट्रोलर थरथरला, की तो थेट डिस्कनेक्ट होतो. असं का होतं?

मर्यादा नेमकी किती?

यूएसबी २.० च्या नियमानुसार पोर्टपासून उपकरणापर्यंत वायर जास्तीत जास्त पाच मीटर असावी. काही जुन्या, कमी वेगाच्या उपकरणांसाठी ती तीनच मीटर आहे. यात कंट्रोलरची स्वतःची वायरही मोजायची असते. म्हणजे तीन मीटरची मूळ वायर आणि पाच मीटरची एक्स्टेन्शन मिळून आठ मीटर झाले आणि आपण मर्यादा ओलांडली. कॉम्प्युटरने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ठरावीक वेळेत परत यावं लागतं आणि वायरमधून जाण्या-येण्याचा वेळ त्यातच धरलेला असतो. म्हणून ही मर्यादा आहे.

तरीही आठ मीटरवर अनेकदा काम चालून जातं, कारण बहुतेक कंट्रोलर यूएसबीच्या मानाने कमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटने बोलतात. घरात खरी अडचण बहुतेक वेळा डेटाची नसते, विजेची असते.

थरथरताच का बंद पडतो?

एक साधं गणित करू. वायरीच्या आवरणावर बारीक अक्षरात `28AWG` असं काही छापलेलं असतं. हा तारेच्या जाडीचा आकडा. तो जितका मोठा, तितकी तार बारीक. २८ नंबरच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाऊन परत येते, म्हणून पाच मीटरच्या वायरीत दहा मीटर तार धरायची. रोध झाला सुमारे २.१ ओहम.

कंट्रोलरच्या आतल्या मोटरी फिरताना तो ०.४ अँपिअर ओढतो असं धरलं, तर एक्स्टेन्शनमध्येच सुमारे ०.८५ व्होल्ट गळतात. पोर्टवरच्या ५ व्होल्टपैकी ४.१५ च उरतात आणि कंट्रोलरच्या वायरीत आणखी थोडे जातात. मोटरी थांबलेल्या असताना करंट कमी, म्हणून गळतीही कमी. त्यामुळे मेन्यूत काहीच जाणवत नाही.

तीच वायर २४ नंबरच्या तारेची असेल, तर गळती सुमारे ०.३४ व्होल्टवर येते. आवरणावर `28AWG/1P+24AWG/2C` असं दिसलं, तर पहिला आकडा डेटाच्या जोडीचा आणि दुसरा विजेच्या दोन तारांचा. आपल्याला दुसरा बघायचा आहे.

तुमचा दोष विजेचाच आहे का, हे ओळखणं सोपं आहे. गेमच्या सेटिंगमध्ये व्हायब्रेशन बंद करून खेळा. डिस्कनेक्ट होणं थांबलं, तर वायर बारीक आहे.

ॲक्टिव्ह रिपीटर काय करतो?

यूएसबी २.० च्या ॲक्टिव्ह एक्स्टेन्शनच्या टोकाला छोटी डबी असते. तिच्यात बहुतेक वेळा एका पोर्टचा हब असतो. तो सिग्नल नव्याने तयार करून पुढे पाठवतो, त्यामुळे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आपल्या हॉलमध्ये पहिला टप्पा पाच मीटर, दुसरा तीन मीटर. दोन्ही नियमात बसतात. हबमुळे होणारा उशीर इतका किरकोळ असतो की खेळताना तो कळत नाही.

नियमानुसार एकामागे एक जास्तीत जास्त पाच हब चालतात. कॉम्प्युटरच्या आतला किंवा टेबलावरचा हबही त्यात मोजला जातो.

मात्र डबी सिग्नल सुधारते, गळालेले व्होल्ट परत आणत नाही. उलट तिलाही थोडी वीज लागते. त्यामुळे एकापेक्षा जास्त ॲक्टिव्ह वायरी जोडायच्या असतील, तर ५ व्होल्टचा ॲडॅप्टर लावायची सोय असलेली वायर घ्या आणि ॲडॅप्टर सोफ्याकडच्या टोकाला जोडा.

घेतलेली वायर खरंच ॲक्टिव्ह आहे का?

विंडोजमध्ये `Device Manager` उघडा, `View` मध्ये `Devices by connection` निवडा आणि वायर जोडा. यादीत `Generic USB Hub` अशी नवी ओळ आली आणि कंट्रोलर तिच्याखाली दिसला, तर आत हब आहे. कंट्रोलर पूर्वीच्याच जागी दिसला, तर तुम्ही बहुधा साध्या वायरीचे जास्त पैसे मोजले आहेत.

खरेदीआधी अंतर मोजताना टेप सरळ हवेत धरू नका. वायर भिंतीच्या कडेने जाणार असेल, तर त्याच वाटेने मोजा. चार मीटरवरचा सोफा वायरीसाठी सहज सात मीटरवर जातो.