बंद शटरला पत्र लिहू नका

सकाळी साडेसहाला जिमपाशी पोहोचावं तर शटर खाली. वर एक कागद चिकटवलेला : ‘अपरिहार्य कारणास्तव ही शाखा बंद करण्यात येत आहे.’ मॅनेजरचा फोन लागत नाही, ट्रेनर म्हणतो, ‘आमचाच दोन महिन्यांचा पगार अडकलाय.’ आणि आपण वर्षाची फी एकरकमी भरून बसलेलो असतो.

अशा वेळी बहुतेक जण व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस संताप व्यक्त करतात आणि पाचव्या दिवशी पैसे गेले असं धरून चालतात. खरं तर या पैशांची मागणी एका पानाच्या पत्राने नीट करता येते. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच, तर तक्रारीचा पाया हेच पत्र असतं. जिमचं नावही न ऐकलेल्या माणसाला ते वाचून सगळा हिशेब कळला पाहिजे.

पत्र लिहायच्या आधी पुरावे गोळा करावेत, कारण ते लवकर नाहीसे होतात. शटरवरच्या कागदाचा आणि पाटीचा फोटो त्याच दिवशी काढावा. जिमच्या ॲपमध्ये सदस्यत्वाची मुदत आणि हजेरी दिसत असते. ते ॲप कधीही बंद पडू शकतं, म्हणून त्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत. फीची पावती आणि पैसे खात्यातून गेल्याची बँकेची नोंद एकत्र ठेवावी.

यानंतरचा प्रश्न असा, की पत्र पाठवायचं कुणाला? बंद शाखेच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत येणार. दारावरच्या पाटीवर असतो तो ब्रँड, पण पैसे घेणारा अनेकदा वेगळाच असतो. ब्रँडचं नाव भाड्याने घेऊन कुणीतरी ती शाखा चालवत असतो. त्याचा माग पावतीवरच मिळतो. तिथे पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक छापलेला असेल, तर www.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो टाकावा. व्यवसायाचं कायदेशीर नाव, तो एकट्याचा आहे, भागीदारीचा की कंपनीचा, आणि नोंदलेला पत्ता तिथे दिसतो. पत्र त्या नावाने, त्या पत्त्यावर पाठवावं. पाटी मोठ्या ब्रँडची असेल तर त्याच्या मुख्य कार्यालयालाही तेच पत्र पाठवावं.

आता रक्कम. एक उदाहरण घेऊ. एका बाईंनी १ मे २०२५ ते ३० एप्रिल २०२६ या वर्षासाठी १५,००० रुपये फी आणि तेव्हाच्या १८ टक्के दराने २,७०० रुपये जीएसटी, असे १७,७०० रुपये भरले. ९ सप्टेंबरला शाखा बंद झाली. मे ते ऑगस्टचे १२३ दिवस आणि सप्टेंबरचे ८, असे १३१ दिवस त्यांना सेवा मिळाली. ३६५ मधले २३४ दिवस उरले. १७,७०० ला ३६५ ने भागून २३४ ने गुणलं की ११,३४७ रुपये येतात. मागणी एवढीच करायची. अंदाजे ‘बारा हजार’ लिहिलं की समोरच्याला घासाघीस करायला वाव मिळतो.

जिमचा हिशेब बहुधा वेगळा असतो. ‘आमची महिन्याची फी २,५०० रुपये. तुम्ही पाच महिने वापरलं, म्हणजे १२,५०० गेले. उरले ५,२००.’ सदस्याने स्वतःहून मध्येच सोडलं असतं, तर वार्षिक सवलत काढून घेण्याचा मुद्दा निदान समजण्यासारखा होता. इथे करार जिमने मोडला आहे, म्हणून सवलतीचा दरच धरला पाहिजे. ‘जीएसटी सरकारजमा झाला’ हेही उत्तर मिळतं. न दिलेल्या सेवेवरचा कर जमेस धरण्यासाठी व्यावसायिकाला ठरावीक मुदतीत क्रेडिट नोट काढता येते, त्यामुळे ते कारण पुरेसं नाही.

पत्राचा मजकूर असा असावा :

‘विषय : शाखा बंद झाल्याने सदस्यत्वाचे उर्वरित शुल्क रु. ११,३४७ परत मिळणेबाबत.

महोदय, मी आपल्या शाखेची वार्षिक सदस्य असून १ मे २०२५ ते ३० एप्रिल २०२६ या मुदतीसाठी रु. १७,७०० आगाऊ भरले आहेत. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. आपण ९ सप्टेंबर २०२५ रोजी पूर्वसूचना न देता शाखा बंद केली. मला ३६५ पैकी १३१ दिवस सेवा मिळाली. उरलेल्या २३४ दिवसांचे शुल्क रु. ११,३४७ होते. सदस्यत्व मी सोडलेले नाही, सेवा आपण थांबवली आहे. त्यामुळे शुल्क परत न करण्याची अट मला लागू करता येणार नाही. आपण सुचवलेली दुसरी शाखा माझ्या घरापासून नऊ किलोमीटरवर असून तो पर्याय मला मान्य नाही. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत वरील रक्कम सोबत दिलेल्या खात्यात जमा करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल.’

यात दोन वाक्यं विचारपूर्वक घातली आहेत. पहिलं दुसऱ्या शाखेबद्दलचं. तो पर्याय नको असेल तर स्पष्ट नाकारावा आणि ‘बघू तरी’ म्हणून तिथे चार दिवस जाऊ नये. गेलात, तर तुम्ही बदली स्वीकारली असं जिम म्हणू शकते. दुसरं ३० दिवसांचं. सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं, ही या कायद्याच्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पत्र ईमेलनेही पाठवावं आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘पत्ता सोडला’ अशा शेऱ्यासह परत आलं, तर ते न फोडता तसंच ठेवावं. तोही पुरावाच असतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर उत्तराची वाट न पाहता ‘सेवा मिळाली नाही’ अशी तक्रार बँकेकडे लगेच करावी. तिथली मुदत मर्यादित असते. फी कर्जाच्या हप्त्यांवर असेल तर हप्ते परस्पर थांबवू नयेत, त्याने आपलाच क्रेडिट स्कोअर बिघडतो. कर्ज देणाऱ्यालाही शाखा बंद झाल्याचं लेखी कळवावं.

तीस दिवसांत काही घडलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे समेटाचा प्रयत्न होतो, आदेश मिळत नाही. आदेशासाठी जिल्हा आयोगाकडे जावं लागतं. जिमचं मुख्य कार्यालय दिल्लीत असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

मालक कर्जात बुडाला असेल किंवा कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली असेल, तर आदेश हातात असूनही वसुली अडते. पत्राने हा धोका टळत नाही. पण शाखा बंद झाल्याच्या पहिल्या आठवड्यात मालकाची जागेची अनामत, यंत्रं, दुसरी शाखा असं काहीतरी शिल्लक असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून ग्रुपवरची चर्चा थांबण्याची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात पत्र टपालात पडलं पाहिजे.