बिलाखालची दोन टक्के सूट नेमकी कशावर?

जोगेश्वरी पश्चिमेला रिलीफ रोडच्या फर्निचर बाजाराच्या आसपास टेबल-खुर्च्या, कपाटं बनवणारे अनेक कारखानदार आहेत. त्यांच्यासारख्या छोट्या उत्पादकांच्या बिलाखाली बऱ्याचदा एक ओळ छापलेली असते: ‘१० दिवसांत पेमेंट केल्यास २ टक्के सीडी.’ सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट. ओळ एवढीच असते आणि वाद तिथूनच सुरू होतात. दोन टक्के कशावर, दहा दिवस कुठपासून आणि जीएसटीचं काय, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. मग पार्टी तिच्या हिशेबाने रक्कम कापून पाठवते आणि खातं महिनोन्‌महिने जुळत नाही.

हिशेबासाठी एक काल्पनिक बिल घेऊ. जोगेश्वरीच्या एका कारखान्याने अंधेरीतल्या शोरूमला ५,००० रुपयांचं एक, अशी १६ लाकडी ऑफिस टेबलं पाठवली. माल ८०,००० रुपयांचा, पॅकिंग आणि टेम्पोचे ४,०००. करपात्र रक्कम ८४,००० झाली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचे ७,५६० आणि राज्याचे ७,५६० मिळून १५,१२०. बिल एकूण ९९,१२० रुपयांचं. बिलाची तारीख ५ जून, नेहमीची उधारी ३० दिवसांची आणि दहा दिवसांत पैसे आले तर दोन टक्के सीडी.

‘दोन टक्के म्हणजे बिलाच्या शेवटच्या आकड्यावर दोन टक्के’

शोरूमचा अकाउंटंट बहुतेक वेळा हेच करतो. ९९,१२० चे दोन टक्के १,९८२ रुपये ४० पैसे होतात. ते कापून तो ९७,१३७ रुपये ६० पैसे पाठवतो. पण यात टेम्पोचं भाडं आणि सरकारचा कर या दोन्हींवर सूट घेतली गेली. टेम्पोवाल्याला कारखानदाराने पूर्ण पैसे दिलेले असतात आणि जीएसटीही पूर्ण भरायचा असतो. सूट मालावर द्यायची असेल तर ती ८०,००० चे दोन टक्के, म्हणजे १,६०० रुपये. फरक ३८२ रुपये ४० पैशांचा. महिन्याला अशी वीस बिलं गेली तर साडेसात हजारांच्या वर जातात.

एकूण रकमेवर सूट द्यायला कुणाची मनाई नाही, तो दोघांमधला करार आहे. पण कशावर ते लिहिलेलं नसेल, तर पार्टी स्वतःच्या सोयीचा आकडा धरणार आणि तिला चूक ठरवायला तुमच्याकडे कागद नसणार.

‘सूट दिली की जीएसटी आपोआप कमी होतो’

इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून सावकाश पाहू. बिल बनवताना शोरूम दहा दिवसांत पैसे देईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे बिलात कर पूर्ण लागतो, १५,१२० रुपये. पैसे वेळेत आल्यावर सूट द्यायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग जीएसटीसह क्रेडिट नोटचा. १,६०० रुपये सूट आणि त्यावरचा १८ टक्के कर २८८, मिळून १,८८८ ची नोट निघते आणि शोरूम ९७,२३२ रुपये देते. कारखानदाराचा कर २८८ ने कमी होतो. त्यासाठी शोरूमला तेवढंच इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. सूट त्या विशिष्ट बिलाशी जोडलेली दिसली पाहिजे आणि सूटीची अट माल देण्याआधी किंवा देतानाच लिखित असलेली बरी. अशी नोट त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोपर्यंतच दाखवता येते.

दुसरा मार्ग कमर्शियल क्रेडिट नोटचा. तिच्यात नुसते १,६०० असतात, कराला हात लागत नाही. शोरूम ९७,५२० देते. अशा नोटेवर खरेदीदाराने इनपुट क्रेडिट परत करण्याची गरज नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १२ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

आता दोन्हींची तुलना करा. पहिल्या मार्गाने शोरूम ९७,२३२ देते आणि १४,८३२ चं क्रेडिट घेते, निव्वळ खर्च ८२,४००. दुसऱ्या मार्गाने ९७,५२० देते आणि १५,१२० चं क्रेडिट घेते, निव्वळ खर्च तोच. कारखानदाराच्या हातातही दोन्हीकडे ८२,४०० च उरतात. म्हणून पूर्ण क्रेडिट मिळणाऱ्या पार्टीसाठी मी दुसरा, कमी कागदांचा मार्ग सुचवेन. ज्याला क्रेडिट मिळत नाही, उदाहरणार्थ गृहनिर्माण सोसायटी किंवा घरगुती गिऱ्हाईक, त्याला मात्र पहिल्या मार्गाने २८८ रुपये खरोखर वाचतात. खरं नुकसान तेव्हा होतं, जेव्हा पार्टी १,८८८ कापते आणि कारखानदार कर कमी करणारी नोट काढतच नाही. मग ते २८८ रुपये त्याच्या खिशातून जातात.

‘दोनच टक्के तर आहेत’

शोरूम एरवी तिसाव्या दिवशी पैसे देणार होती, आता दहाव्या दिवशी दिले. म्हणजे पैसे २० दिवस आधी मिळाले आणि त्याची किंमत १,६०० रुपये पडली. ९७,५२० रुपयांवर २० दिवसांचे १,६०० म्हणजे वर्षाला जवळपास ३० टक्के दर. कारखान्याचं बँकेतलं कॅश क्रेडिट १२ टक्क्यांचं असेल, तर ९९,१२० रुपयांवर त्याच २० दिवसांचं व्याज ६५२ रुपयांच्या आसपास होतं. वेळेवर पैसे देणाऱ्या पार्टीला ही सूट देणं महागात पडतं.

पण पार्टी कागदावर ३० दिवस म्हणते आणि प्रत्यक्षात साठाव्या दिवशी देते, असं असेल तर? मग पैसे ५० दिवस आधी येतात आणि तेवढ्या दिवसांचं व्याज १,६२९ रुपये होतं, म्हणजे सूटीइतकंच. त्यात तगादा आणि फेऱ्या वाचतात. म्हणून टक्का ठरवण्याआधी खातेवही उघडून त्या पार्टीचे पैसे खरोखर कितव्या दिवशी आलेत ते पाहावं. करारातला दिवस इथे उपयोगाचा नाही.

‘सूट घेतली नाही, म्हणजे वाटेल तेव्हा पैसे देता येतात’

नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. सूट न घेणारी पार्टी फक्त पूर्ण रक्कम देते, तिची मुदत वाढत नाही.

दिवसांच्या मोजणीवरूनही भांडणं होतात. बिल ५ जूनचं, माल पोचला ८ ला. दहा दिवस १५ जूनला संपतात की १८ ला? आणि पंधरा तारखेला नुसता चेक हातात ठेवला तर? एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. त्यामुळे ‘रक्कम खात्यात जमा’ हीच अट लिहावी. दिवस मोजायला लावू नये, तारीखच छापावी. आपल्या बिलाखाली मग असा मजकूर येईल:

> १५ जूनपर्यंत पूर्ण रक्कम आमच्या खात्यात जमा झाल्यास मालाच्या किमतीवर (₹८०,०००) २ टक्के सूट: ₹१,६००. पॅकिंग, वाहतूक व जीएसटीवर सूट नाही. १५ जूनपर्यंत देय ₹९७,५२०. त्यानंतर, ५ जुलैपर्यंत देय ₹९९,१२०. अर्धवट पेमेंटला सूट नाही. सूट कमर्शियल क्रेडिट नोटने दिली जाईल, जीएसटी ₹१५,१२० कायम.

आणि मुदत उलटल्यावरही कुणी १,६०० कापून पाठवले, तर ती रक्कम खात्यात येणं म्हणूनच उभी ठेवा आणि त्याच आठवड्यात पार्टीला लेखी कळवा. एकदा गप्प राहिलात, तर पुढच्या बिलाला तीच पार्टी चाळिसाव्या दिवशीही सीडी कापेल.