पाच दिवसांच्या कच्छ सहलीत रण किती वेळ?

‘शुभ्र रण विशेष, ४ रात्री ५ दिवस, भुज ते भुज.’ हिवाळी सहलींच्या पत्रकात अशी ओळ दिसली की आधी शेवटचे तीन शब्द वाचावेत. ‘भुज ते भुज’ म्हणजे घरापासून भुजपर्यंतचा खर्च आणि जागरण तुमचं. ही फसवणूक नव्हे. मुंबई, पुणे, नाशिक अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्यांना एकच दर सांगायचा तर तो भुजपासूनच धरावा लागतो.

आता दिवस मोजू. गाडी सकाळी लवकर भुजला पोचते आणि हॉटेलची खोली बहुधा दुपारी बाराला मिळते. पत्रकात मात्र ‘दिवस पहिला : भुजला आगमन, हॉटेलमध्ये विश्रांती’ एवढंच असतं. सोबत आजी-आजोबा असतील तर खोली सकाळीच मिळेल का, ते विचारून लेखी घ्यावं. पाचवा दिवस म्हणजे नाश्ता आणि स्टेशन. खरी सहल मधल्या तीन दिवसांची.

त्यातला धोरडोचा दिवस बघा. पत्रकात ‘भिरंडियारा, काळो डुंगर, क्राफ्ट व्हिलेज, सूर्यास्त, सांस्कृतिक कार्यक्रम’ असं एका दमात लिहिलेलं असतं. भुजहून धोरडो साधारण ८० किलोमीटर. काळो डुंगर मात्र त्याच रस्त्यावर नाही, त्यासाठी खावड्याकडे वळावं लागतं. हा ४६२ मीटरचा डोंगर कच्छमधलं सर्वांत उंच ठिकाण आणि वर दत्ताचं मंदिर, त्यामुळे मराठी मंडळींचा पाय तिथे लवकर निघत नाही. डिसेंबरअखेरीस सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. निघायला दहा वाजले आणि खरेदीला मधे दीड तास गेला की रणावर पोचेपर्यंत अंधार. म्हणून ठिकाणांची संख्या सोडा आणि एकच विचारा : रणाच्या फाटकाशी किती वाजता पोचवणार? चार-साडेचार हे उत्तर चांगलं. ‘सूर्यास्तापर्यंत’ हे उत्तर नव्हे.

मुक्कामाच्या ओळीतही एक शब्द हेरावा : ‘परिसरात’. ‘धोरडो परिसरातील तंबू’ धोरडोपासून बऱ्याच अंतरावरच्या गावातलाही असू शकतो. तो वाईटच असेल असं नाही, पण पहाटे रणावर जायचं तर पुन्हा गाडी लागते आणि ती फेरी दरात धरली आहे का, हा प्रश्न उरतोच. तिसऱ्या दिवशी धोलावीरा असेल तर वार तपासा. पुरातत्त्व खात्याची स्थळांवरची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. शिवाय रस्ता कुठला, हेही विचारा. खावड्याहून रणातून जाणारा रस्ता जवळचा. रापरमार्गे गेलात तर भुजपासून दोनशेहून जास्त किलोमीटर गाडीतच जातात.

‘समाविष्ट’ या रकान्यापेक्षा खालचा बारीक अक्षरांतला रकाना मोलाचा. समजा, दर माणशी २२,००० रुपये आहे. तो दोघांनी एक खोली वापरण्याचा. आठ वर्षांच्या मुलाला वेगळी गादी आणि दराच्या ७५ टक्के, म्हणजे १६,५०० धरले तर तिघांचे ६०,५०० होतात. त्यावर ५ टक्के जीएसटीचे ३,०२५ धरून ६३,५२५. यात रेल्वे नाही. ‘नाश्ता व रात्रीचं जेवण’ असं लिहिलं असेल तर दुपारची जेवणं नाहीत, आणि प्रवेश तिकिटं, रणाचा परवाना, उंटगाडी हे बहुतेकदा ‘स्वखर्चाने’ या शब्दात दडलेलं असतं. दोन कंपन्यांचे दर ताडायचे तर हे सगळं मिळवून ताडावेत. नाहीतर स्वस्त सहल महाग कशी पडली, याचा हिशेब भुजच्या फलाटावर बसून करावा लागतो.

राहिली आरक्षणाची वेळ. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. २४ डिसेंबरला निघायचं तर खिडकी २५ ऑक्टोबरला उघडते. हॉटेलचं गणित वेगळं. एजन्सी खोल्या आधीच अडवून ठेवते आणि न विकलेल्या ठरलेल्या तारखेला हॉटेलला परत करते. म्हणून नाताळची सहल सप्टेंबर-ऑक्टोबरात नक्की केली तर निवडीला वाव असतो. पैसे एकदम भरू नयेत. आधी थोडा आगाऊ भरावा, रेल्वे तिकीट हाती आल्यावर पुढचा हप्ता. रद्द केल्यास किती कापणार, ते निघण्याच्या तारखेपासून किती दिवस आधी यावर ठरतं. तो तक्ता पावतीसोबत मागून घ्यावा.

चांदण्यातलं रण हवं असेल तर तारीख पंचांगातूनच ठरते. पौर्णिमेला सूर्य मावळताना समोरून चंद्र वर येतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीही येते, त्यामुळे त्या रात्री काळो डुंगर आणि रण दोन्ही साधायची मराठी पर्यटकांना हौस असते आणि दरही चढे असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र पैसे वाचवायला जाऊ नये. पावसाळ्यात साचलेलं पाणी तोवर पुरतं आटलेलं नसतं, आणि पांढऱ्या मिठाऐवजी पायाखाली चिखल लागू शकतो. पत्रकावरचा फोटो जानेवारीतला असतो.