‘बिचारा’ खोडल्यानंतर

समजा, पाचवीच्या पाठ्यपुस्तकासाठी संपादकाच्या टेबलावर एक गोष्ट आली आहे. ‘बिचारा राजू पायाने अधू होता. त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. मित्र त्याला रोज उचलून वर नेत. राजूचे डोळे भरून येत.’ मुलांनी एकमेकांना मदत करावी, एवढंच लेखकाला सांगायचं आहे. संपादक ‘बिचारा’ खोडतो, ‘अधू’च्या जागी ‘दिव्यांग’ लिहितो आणि पाठ छपाईला धाडतो. शब्द बदलले, गोष्ट होती तशीच राहिली.

या गोष्टीत राजू स्वतः काय करतो? रडतो, बस्स. त्याला उचलण्याआधी कुणी विचारत नाही. त्याला कुठला विषय आवडतो, कुणाशी त्याचं पटत नाही, हेही कळत नाही. इतरांचा चांगुलपणा दिसावा म्हणून तो तिथे आहे. अडचण त्याच्या पायांत आहे असं वाचकाला वाटतं, आणि जिना नजरेतून सुटतो. शाळेची इमारत आणि सोयी दिव्यांग मुलांना वापरता आल्या पाहिजेत, असं 2016चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो.

आता तीच गोष्ट अशी लिहून पाहू. ‘राजू व्हीलचेअर वापरतो. यंदा वर्ग वरच्या मजल्यावर गेला, तेव्हा त्याने आणि सुलभाने मुख्याध्यापिकांना अर्ज दिला. आठवड्याने वर्ग खाली आला. त्याच दुपारी क्रिकेटमध्ये पंच कोण होणार, यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं.’ मैत्री इथेही आहे, पण राजू आता गोष्ट पुढे नेतो आणि चुकतो, भांडतोही. याच्याही पुढची पायरी म्हणजे गणिताच्या पाठात व्हीलचेअरवरच्या राजूने नुसत्या तीन वह्या विकत घ्याव्यात, आणि त्याच्या व्हीलचेअरविषयी एक अक्षरही नसावं.

‘आंख मिचोली’ या हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी निकाल दिला, त्यातही हाच धागा आहे. न्यायालयाने चित्रपटावर बंदी घातली नाही, पण दिव्यांगांचं चित्रण कसं असावं याची चौकट आखून दिली. हिणवणारे शब्द टाळावेतच. शिवाय ‘पीडित’, ‘ग्रस्त’ अशी भाषाही टाळावी, कारण ती सगळा भार त्या माणसाच्या शरीरावर टाकते आणि समाजाने उभे केलेले अडथळे झाकते. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ हा आपल्या बातम्यांतला प्रयोग तपासा. चाकांमुळे तो माणूस घराबाहेर पडू शकतो, मग तो खिळलेला कसा?

विनोदाबाबतही न्यायालयाने भेद केला. एक विनोद दिव्यांग माणसाला तुच्छ लेखतो, दुसरा दिव्यांगत्व समजून घ्यायला मदत करतो. लेखकाने आपल्या प्रसंगाला विचारावं, की प्रेक्षक नेमके कशाला हसणार? तोतरं बोलणाऱ्याच्या अडखळण्याला हसणार असतील, तर तो प्रसंग काढावा. त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर देऊन तोंडघशी पडणाऱ्या उतावळ्या साहेबाला हसणार असतील, तर ठेवावा.

तपशिलाची चूकही माणसाला खोटं ठरवते. रातांधळेपणा असलेल्याला मंद उजेडात दिसणं कठीण जातं. लख्ख उजेडाच्या दिवाणखान्यात तो खुर्च्यांना धडकत नाही. ओठ वाचणाऱ्या कर्णबधिर नायिकेला पडद्यावर प्रत्येक शब्द कळतो. प्रत्यक्षात प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात, म्हणून ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ यांतला फरक तिला संदर्भानेच लावावा लागतो. बोलणाऱ्याने मान वळवली, की तेवढाही आधार जातो. असं खोटं पाहिलेले प्रेक्षक खऱ्या कर्णबधिर मुलीला म्हणतात, ‘ओठ वाच ना!’ जाहिरातीसाठी छायाचित्र काढताना पांढरी काठी म्हाताऱ्याच्या आधाराच्या काठीसारखी धरायला लावतात. ती टेकायची नसते. पुढे डावी-उजवीकडे फिरवून वाट चाचपायची असते.

हे घरबसल्या सुचत नाही. ‘स्पर्श’मध्ये सई परांजपे यांनी अंध शाळेचा मुख्याध्यापक उभा केला, तेव्हा त्यांच्यासमोर दिल्लीतले खरे अंध मुख्याध्यापक होते. ‘यलो’ या 2014च्या मराठी चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूने स्वतःचीच भूमिका केली.

म्हणून आपल्या पात्रासारखं आयुष्य जगणाऱ्या दोन-तीन माणसांना संहिता वाचायला द्या, आणि त्या कामाचा मोबदलाही द्या. एकाच माणसाकडून सगळ्यांच्या वतीने उत्तर मागू नका. ‘दिव्यांग’ हा शब्दही अनेकांना रुचत नाही, काहींना ‘अपंग’ जास्त प्रामाणिक वाटतो. मुख्य म्हणजे चित्रीकरण किंवा छपाई होण्याआधी विचारा. पाठ छापून झाल्यावर राजूला विचारलं, तर फार तर ‘बिचारा’ खोडता येईल. कच्चा खर्डा दाखवला, तर जिन्याकडे बोट दाखवणारा तोच असेल.