काळेवाडीची जोशीवाडी

पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडीचं नाव बदलायला एरवी ठराव, हरकती, राजपत्र असं बरंच काही लागेल. भाडेकराराच्या मसुद्यात मात्र ते दोन सेकंदांत बदलतं. जुन्या करारात घरमालकीण श्रीमती काळे होत्या, नव्या करारात घरमालक श्री. जोशी आहेत. टाईप करणारा ‘काळे’च्या जागी ‘जोशी’ घालतो, Replace All दाबतो आणि चहा प्यायला जातो. नवं घरही काळेवाडीतलंच असल्यामुळे मिळकतीचा पत्ता आता ‘जोशीवाडी’ होतो. तिकडे आठव्या कलमात ‘काळ्यांनी मागितल्यास’ हे शब्द जसेच्या तसे राहतात, कारण ‘काळे’ आणि ‘काळ्यां’ ही एकच व्यक्ती आहे हे संगणकाला ठाऊक नसतं.

वरचा करार नमुन्यादाखल रचलेला आहे. पण लिव्ह अँड लायसन्सचे करार बनवून देणाऱ्या कुठल्याही टेबलावर अशी चूक होऊ शकते. कोरा करार कुणी लिहीत नाही. मागच्या गिऱ्हाईकाची फाईल उघडायची, नावं बदलायची, तारखा बदलायच्या, प्रिंट काढायची, अशी रीत असते. ती चुकीचीही नाही, कारण मुरलेल्या मसुद्यात अनुभवाने आलेल्या अटी असतात. अडचण एवढीच की त्या अटींबरोबर मागचं गिऱ्हाईकही कराराच्या कोपऱ्याकोपऱ्यात राहून जातं.

मोठ्यांच्या घरीही हे घडतं. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात बाराशेहून अधिक पानांचा व्यापार करार झाला. डीएनएची माहिती एकमेकांना कशी पाठवायची, हे सांगणाऱ्या त्याच्या एका परिशिष्टात ईमेलच्या ‘आधुनिक’ सॉफ्टवेअरमध्ये नेटस्केप कम्युनिकेटरचं नाव होतं. हे सॉफ्टवेअर १९९७ सालचं! तो मजकूर युरोपीय संघाच्या २००८ सालच्या एका निर्णयातून जवळपास जसाच्या तसा उचललेला होता. एवढ्या वकिलांच्या नजरेखालून तो सुटला, तिथे काळेवाडीच्या टायपिस्टला किती बोल लावायचा?

इंग्रजी मसुद्यात नाव शोधणं तुलनेने सोपं असतं. तिथे नावाचं रूप फारसं बदलत नाही. मराठीत नावाला विभक्ती लागते आणि ती लागताना नाव मोडतं. ‘सुनीता’ हे नाव ‘सुनीताने’मध्ये सापडेल, पण मसुदा जुन्या वळणाचा असेल तर तिथे ‘सुनीतेने’ असतं आणि ‘सुनीता’ शोधून ते हाती लागत नाही. म्हणून Ctrl+F च्या रकान्यात पूर्ण नाव न घालता त्याचा न बदलणारा आरंभ घालावा. ‘सुनी’ शोधलं की दोन्ही रूपं येतात. आडनावाचं सामान्यरूप वेगळं असेल तर ते वेगळं शोधावं. काळेंसाठी ‘काळे’ आणि ‘काळ्या’, देशपांड्यांसाठी ‘देशपांडे’ आणि ‘देशपांड्या’. आणि सगळं एकदम बदलायच्या मोहात पडू नये. एकेक जागा बघूनच बदलावी, म्हणजे वाडी सुरक्षित राहते.

आणखी एक खोच आहे ती अक्षरांच्या पोटात. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ यांतला अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण आतले संकेत वेगळे असल्यामुळे एका पद्धतीने शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. जुना मसुदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर शोध घेण्यात अर्थच नाही. डोळ्यांना दिसणारी मराठी अक्षरं संगणकाच्या लेखी निराळीच असतात. अशा वेळी ‘एकही जागा सापडली नाही’ हा संदेश वाचून निर्धास्त झालेला माणूस सगळ्यात जास्त फसतो.

नाव सापडलं तरी माणूस पूर्ण बाहेर पडत नाही. तो क्रियापदात राहतो. मराठी कराराचा मसुदा प्रथमपुरुषी असेल तर ‘मी लिहून देते की’ हे श्रीमती काळ्यांचं वाक्य श्री. जोश्यांच्या तोंडी जातं. घराचे मालक दोन भाऊ असतील तर ते ‘मी’ही चालत नाही, ‘आम्ही लिहून देतो’ करावं लागतं. नावाशेजारी लिहिलेलं ‘पतीचे नाव’, खालच्या ओळीतलं ‘तिच्या वारसांवर’, सहीपाशी छापलेलं ‘सौ.’ ही सगळी त्याच पाहुण्याची मागे राहिलेली चपलांची जोडी. मुरलेले मसुदाकार माणसांसाठी सरसकट ‘यांनी’, ‘त्यांचे’, ‘त्यांना’ अशी आदरार्थी रूपं वापरतात, त्यामागे नुसती अदब नाही. या रूपांत स्त्री-पुरुष, एक-अनेक हा भेद दिसत नाही, त्यामुळे पक्षकार बदलला तरी वाक्य मोडत नाही.

ही युक्ती घराला मात्र लागू पडत नाही, आणि मराठी करारातली सर्वांत चिवट चूक इथेच असते. सदनिका स्त्रीलिंगी, फ्लॅट आणि गाळा पुल्लिंगी, घर आणि दुकान नपुंसकलिंगी. आपल्या उदाहरणात श्रीमती काळ्यांची सदनिका होती, तर जोश्यांनी बंगल्याचा तळमजला द्यायचा आहे. टायपिस्टने ‘सदनिका’ शोधून ‘तळमजला’ घातलं आणि वाक्य झालं : ‘सदर तळमजला मुदत संपताच रिकामी करून तिचा शांततापूर्ण ताबा द्यावा.’ ‘सदनिकेचा’, ‘सदनिकेत’ तर शिल्लकच राहिले, कारण तिथे शब्द ‘सदनिके’ असा होतो. सर्वनामांची यादी करून ‘ती’, ‘तिचा’, ‘तिला’, ‘तिच्या’ शोधता येतं. ‘रिकामी’, ‘सुस्थितीतली’, ‘दिलेली’ ही विशेषणं मात्र वाचूनच पकडावी लागतात. ‘तिचा’ म्हणजे घराचा की मालकिणीचा, हा वाद उकरणं कुणालाही फार कठीण जाणार नाही.

तरीही व्याकरणाच्या चुकीला वाचणारा निदान हसतो. न हसवणारी चूक असते तारखेची.

जुना करार १ जून २०२३ पासून ३० एप्रिल २०२४ पर्यंत, अकरा महिन्यांचा होता. नवा १ ऑगस्ट २०२४ पासून. अकरा महिने म्हणजे तो ३० जून २०२५ ला संपायला हवा. टायपिस्टने आरंभाची तारीख नीट घातली, शेवटच्या तारखेत मात्र फक्त साल बदललं : ३० एप्रिल २०२५. साल जुनंच राहिलं असतं तर करार सुरू होण्याआधीच संपला असता आणि कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. हे मात्र दिसायला अगदी रास्त आहे. करारात एकीकडे ‘अकरा महिने’ आणि दुसरीकडे नऊ महिन्यांची मुदत, दोन्ही सुखाने नांदतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी परवान्यावर घेतलेलं घर मुदत संपल्यावर सोडलं नाही, तर राहणाऱ्याला परवाना शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लेखी परवाना करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला आहे. महिना २० हजारांचा व्यवहार असेल तर मे आणि जून या दोन महिन्यांसाठी मालक ४० हजारांच्या हिशेबाने मागणी करू शकतो. राहणारा ‘अकरा महिने’ या शब्दांकडे बोट दाखवेल. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, मधल्या काळात घर आणि अनामत दोन्ही अडकून राहतात.

तारखा शोधण्याची सोपी रीत म्हणजे आधी ‘२०’ शोधायचं, मग ‘20’. एकाच मसुद्यात देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात आणि एक शोधून दुसरे सापडतील याचा भरवसा नसतो. त्यानंतर ‘हजार’ शोधायचं, कारण अक्षरी तारीख आणि अक्षरी रक्कम तिथेच लपते. आकड्यात २२ हजार आणि अक्षरात वीस हजार, हा त्याच घराण्यातला दोष. कायद्याची सालंही याच फेरीत सापडतात. मसुद्यात मुंबई भाडे कायदा, १९४७ चा आधार घेतलेला असेल, तर तो नमुना फारच जुना समजावा; त्या कायद्याची जागा १९९९ च्या अधिनियमाने ३१ मार्च २००० पासून घेतली.

ऑनलाइन नोंदणीत पक्षकारांची नावं, मुदत, शुल्क वेगवेगळ्या रकान्यांत भरतात, त्यामुळे मुख्य भागात असे घोळ कमी होतात. पण पक्षकार आपल्या वाढीव अटी जुन्या करारातून उचलून डकवतात, आणि पाळीव कुत्रा, पार्किंग, लॉक-इन यांच्याबरोबर मागचा भाडेकरूही आत येतो.

मसुदा दोनदा वाचूनही चूक सुटते, कारण वाचणारा बदललेल्या जागा तपासतो. चूक न बदललेल्या जागेत असते. वर्डमध्ये Review मधल्या Compare ने जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवली की बदललेला मजकूर रंगीत दिसतो. लोक तो रंगीत मजकूर वाचतात. वाचायचा असतो बिनरंगाचा, आणि प्रत्येक ओळीपाशी विचारायचं असतं की हे नव्या व्यवहारातही खरं आहे का. दुसरा उपाय टाईप करायला बसण्याआधीचा. जुन्या करारातली प्रत्येक खासगी गोष्ट कागदावर उतरवायची : नावं, वडिलांची-पतींची नावं, पॅन, मोबाईल, सिटी सर्व्हे नंबर, मजला, रक्कम, तारखा, साक्षीदार. मग एकेकीवर काट मारत जायचं. पॅन राहून गेला तर दुसऱ्याची खासगी माहिती तिसऱ्याच्या हाती पडते. शीर्षटीप, तळटीप आणि फाईलच्या Properties मधलं Author हे नावही या यादीत हवं.

त्याहून बरं म्हणजे कुणाचीही फाईल न उघडता रिकाम्या जागांचा नमुना ठेवणं. ‘______’ अशी जागा भरायची राहिली तर ती प्रिंटवर डोळ्यांत खुपते. आधीच्या गिऱ्हाईकाचं नाव खुपत नाही, ते भरलेल्या जागेसारखंच दिसतं.

सही झाल्यावर चूक दिसली तर काय? कागदी दस्तात, नोंदणीआधी, खाडाखोड करून दुरुस्त करता येतं, पण त्या जागेवर लिहून देणाऱ्यांनी सही करायला हवी. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० प्रमाणे अशी साक्षांकित नसलेली खाडाखोड किंवा कोरी जागा दिसली, तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. नोंदणी झाल्यावर दोन्ही पक्षकारांनी पुन्हा येऊन चूक दुरुस्ती पत्र करायचं. एकाने नकार दिला तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम २६ आहे. उभय पक्षांच्या चुकीमुळे किंवा लबाडीमुळे लेखात खरा इरादा उतरला नसेल, तर न्यायालय लेख दुरुस्त करू शकतं. मात्र खरा इरादा काय होता हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि तिथे ठरवाठरवीचे जुने व्हॉट्सॲप संदेश, अनामतीच्या पावत्या, दलालाची आठवण हे सगळं बाहेर निघतं.

जोश्यांच्या करारात अखेरची फेरी मोठ्याने वाचायची ठरली. जोशी हातात आधार आणि वीजबिल घेऊन बसले, टायपिस्ट वाचत होता. पत्त्यातली जोशीवाडी पहिल्याच मिनिटाला सापडली. ‘काळ्यांनी’ आठव्या कलमात. ‘रिकामी’ अकराव्यात. एप्रिलची तारीख मात्र दोघांच्याही कानावरून गेली. ती पकडली भाड्याने राहायला येणाऱ्या मुलीने, बोटांवर महिने मोजून.