साडेचार तासांतून पाच मिनिटं

सहलीचे व्हिडिओ बहुतेक घरांत एकाच पद्धतीने तयार होतात. सगळ्यांच्या मोबाइलमधल्या क्लिप्स गोळा करायच्या, ओळीने लावायच्या आणि वर एक गाणं टाकायचं. गाडी निघते, घाट लागतो, चहा होतो, समुद्र दिसतो, सगळे हात हलवतात. सहलीला गेलेले लोकही तो दुसऱ्यांदा पूर्ण बघत नाहीत, कारण त्यात एकामागून एक जागा येतात, पण ‘आता पुढे काय होणार’ असं वाटावं असं काही नसतं. बघणाऱ्याला धरून ठेवणारा एक प्रश्न सापडला की पाच मिनिटं कशी गेली ते कळत नाही. हा प्रश्न बाहेरून आणायचा नसतो. तो क्लिप्समध्येच कुठेतरी असतो आणि बहुधा भलत्याच क्लिपमध्ये असतो.

माझ्या मावशीकडची मंडळी 2022 च्या डिसेंबरमध्ये पुण्याहून मुरुड-जंजिऱ्याला गेली होती. मावशी, काका, त्यांचा मुलगा, सून, शाळकरी नातू आणि मावशीच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आजी. परत आल्यावर तीन मोबाइलमधलं साडेचार तासांचं चित्रण माझ्याकडे आलं. त्याचा पाच मिनिटांच्या आतला व्हिडिओ कसा झाला ते सविस्तर सांगतो, कारण यात येणाऱ्या अडचणी सगळ्याच घरच्या चित्रणात येतात.

पहिली अडचण क्रमाची. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फाइलचं नाव बऱ्याच फोनमध्ये `VID_20221224_101532.mp4` असं असतं. त्यात तारीख असते आणि वेळही, इथे सकाळचे दहा वाजून पंधरा मिनिटं. तीच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून आली की नाव `VID-20221226-WA0012.mp4` असं होतं. ही तारीख चित्रणाची नसते, क्लिप तुमच्या फोनमध्ये आली त्या दिवसाची असते, आणि वेळ तर उरतच नाही. म्हणून किल्ल्यावरचा प्रसंग यादीत घरी परतल्यानंतर दिसतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे मोठ्या पडद्यावर चेहरे पुसट दिसतात. मी सगळ्यांना मूळ फाइल ड्राइव्हवर टाकायला सांगितल्या. ज्यांना ते जमलं नाही त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्या; तशा पाठवल्या की फाइल आहे तशीच येते. मग सगळं एका फोल्डरमध्ये तारीख-वेळेप्रमाणे लावलं आणि त्याची एक प्रत हार्ड डिस्कवर वेगळी ठेवली.

यानंतर लगेच काटछाट सुरू करायचा मोह होतो, तो आवरावा. आधी सगळं चित्रण एकदा सलग बघावं, शेजारी वही ठेवून. क्लिप कुठे हसवते, कुठे दचकवते, कुठे कंटाळा आणते ते पहिल्याच वेळी नीट कळतं. दहाव्यांदा बघताना ती जाणीव बोथट झालेली असते. वहीत क्लिपचं नाव, त्यात कोण काय करतंय आणि ऐकण्यासारखं काय आहे एवढंच लिहायचं. ऐकण्याचा रकाना विसरू नये. या सहलीची गोष्ट मला त्याच रकान्यात सापडली.

आदल्या रात्री नातवाने जेवणाच्या ताटाचं चित्रण केलं होतं. सुरमई, सोलकढी, तांदळाची भाकरी. क्लिप हललेली, दिवा पिवळा, एरवी पहिल्याच फेरीत काढून टाकावी अशी. पण मागे आजींचा आवाज होता. त्या सुनेला सांगत होत्या, “लग्न झाल्यावर आम्ही आलो होतो गं. यांनी होडीत बसवलं, पण वारा एवढा सुटला की अर्ध्यातून परत फिरवली. तेव्हापासून राहिलाच तो किल्ला.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या क्लिपमध्ये, राजपुरीच्या धक्क्यावर, त्याच आजी म्हणत होत्या, “मी बसते इथंच. तुम्ही जाऊन या.”

या दोन वाक्यांवर व्हिडिओ उभा राहिला. आजी या वेळी किल्ल्यात पोहोचणार का? जंजिऱ्याला हा प्रश्न खराच असतो. किल्ल्याला चहूबाजूंनी समुद्र आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने दरवाज्यापर्यंत जायचं आणि लाटेवर वरखाली होणाऱ्या होडीतून थेट दगडी पायरीवर पाय टाकायचा, अशीच त्यांची वाट होती. धडधाकट माणूसही तिथे क्षणभर थबकतो.

प्रश्न ठरला की शेवट ठरतो आणि शेवट ठरला की सुरुवात आपोआप पुढे सरकते. आमचा व्हिडिओ पुण्यात सुरू होत नाही, धक्क्यावर सुरू होतो. पहिल्या दृश्यात लांबवर समुद्रातला किल्ला दिसतो आणि त्यावर आजींचा रात्रीचा आवाज ऐकू येतो. ताटाचं चित्र नाही, फक्त आवाज. चित्र एका क्लिपचं आणि आवाज दुसरीचा, हे मोबाइलवरच्या साध्या अ‍ॅपमध्येही करता येतं. व्हीएन, इनशॉट किंवा काइनमास्टरमध्ये क्लिपचा आवाज वेगळा काढायची सोय आहे. संगणकावर दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते. आवाज संपताच आजी समोर दिसतात आणि “मी बसते इथंच” म्हणतात. चाळीस सेकंदांत माणूस कोण, त्याला काय हवंय आणि अडचण कसली, हे निवेदनाचं एक वाक्यही न लिहिता समजतं.

अर्थात यात ताम्हिणी घाट गेला, वाटेतली मिसळ गेली, काशिदचा समुद्रकिनारा गेला. दोन तासांहून अधिक चित्रण एका फटक्यात बाजूला पडलं. सुंदर सूर्यास्त टाकताना जीव तुटतो, पण आजींच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (1979) या चित्रपटाच्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्चने लिहिलंय की त्या चित्रपटासाठी 230 तासांहून अधिक चित्रण झालं होतं, म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटामागे सुमारे 95 मिनिटं. आमचं प्रमाण साधारण एकास पंचावन्न निघालं.

खरी पंचाईत पुढे आली. होडी दरवाज्याशी लागते, सगळे उठतात आणि नेमक्या त्या क्षणी तिन्ही मोबाइल बंद! साहजिकच आहे, मुलगा आणि सून आजींना धरत होते. घरच्या चित्रणात हे हमखास होतं. महत्त्वाच्या क्षणी कॅमेरा खिशात असतो, कारण माणसं त्या क्षणात गुंतलेली असतात. अशा वेळी पडद्यावर ‘आजी उतरल्या!’ असं लिहिलं की सगळा ताण विरून जातो.

मग मी हाताशी काय आहे ते पाहिलं. नातवाच्या मोबाइलमध्ये होडी लागतानाची सात-आठ सेकंदं होती: दगडावर आपटणारं पाणी आणि खलाशाचा आवाज, “आजी, हात द्या. लाट गेली की पाय टाका.” दुसऱ्या क्लिपमध्ये, पाच मिनिटं आधीचा, किल्ल्याकडे बघणारा आजींचा चेहरा होता. त्यावर विशेष भाव नव्हते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हच्या नावाने ओळखला जाणारा एक जुना प्रयोग इथे कामाला येतो. नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडला, तर प्रेक्षकांना पहिल्यात भूक दिसते आणि दुसऱ्यात दुःख. चेहऱ्याचा अर्थ शेजारचं दृश्य ठरवतं. मी आधी आपटणारं पाणी ठेवलं, मग आजींचा चेहरा, पुन्हा पाणी आणि त्यावर खलाशाचा आवाज. साध्याच चेहऱ्यावर आता भीती दिसू लागली. त्यानंतर थेट दरवाज्याच्या आतल्या सावलीत पायरीवर बसलेल्या, पदराने घाम पुसणाऱ्या आजी. मधला क्षण कुणी बघितलाच नाही, तरी बघणारा प्रत्येक जण तो मनात पुरा करतो.

एवढं मात्र पाळावं की खऱ्या घडण्याला धक्का लावू नये. चेहरा त्याच होडीतला, त्याच सकाळचा होता. आजी घाबरल्याच नसत्या, तर हा क्रम लावणं मला पटलं नसतं. त्या घाबरल्या होत्या, हे मावशीला विचारून घेतलं होतं.

होडीतल्या बहुतेक क्लिप्सचा आवाज वाऱ्याने खाल्लेला होता. नुसता घरघराट. असा आवाज दुरुस्त करत बसण्यापेक्षा बंद केलेला बरा. एका क्लिपमध्ये कुणीतरी मोबाइल मांडीवर ठेवला होता. चित्र काळं, पण शिडाची फडफड आणि पाण्याचा चुबुकचुबुक आवाज स्वच्छ. तीस सेकंदांचा तो तुकडा दोन-तीनदा जोडून होडीच्या सगळ्या दृश्यांखाली पसरला. एकच सलग आवाज खाली असला की वरचे तुकडे वेगवेगळ्या मोबाइलचे आहेत हे जाणवत नाही. संगीत मी फक्त किल्ल्याच्या आतल्या भागाला दिलं, तेही बोलणं सुरू होताच अगदी खाली नेलं. सुरुवातीपासून गाणं लावलं असतं, तर आजींचं वाक्य त्यात बुडालं असतं.

शेवट दोनदा बदलावा लागला. आधी मी परतीच्या होडीवर संपवलं होतं. मावशीच्या घरी दाखवलं तेव्हा मी पडद्याकडे न बघता बघणाऱ्यांकडे बघत होतो. आजी बुरुजावर पोहोचेपर्यंत सगळे स्तब्ध होते. परतीची होडी आली तशी कुणी पाणी प्यायला उठलं, नातवाने मोबाइल काढला. प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये, हे तिथे डोळ्यांनी दिसलं. मग बुरुजावरचा सगळ्यांचा फोटो घेण्याचा प्रसंग शेवटी ठेवला, पण तिथे सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात आणि पुन्हा जाहिरातीसारखं वाटू लागतं. शेवटी त्याच्या आधीची क्लिप घेतली. नातू विचारतो, “आजी, कसं वाटतंय?” आजी लांब राजपुरीच्या धक्क्याकडे बघतात आणि म्हणतात, “केवढा जवळ आहे रे!” तिथे चित्र कापलं, पाण्याचा आवाज दोन सेकंद काळ्या पडद्यावर चालू ठेवला.

काका मात्र थोडे नाराज होते. कलालबांगडी तोफेपाशी त्यांनी नातवाला सिद्दींचा सगळा इतिहास सांगितला होता आणि त्यातलं एक वाक्यही व्हिडिओत नव्हतं. ते बोलणं चांगलं होतं, पण ते घेतलं की आजी पाच मिनिटं गायब होत होत्या. त्याची वेगळी फाइल करून दिली, सुरुवातीला तोफ आणि शेवटी नातवाचा “मग त्यांनी गोडं पाणी कुठून आणलं?” हा प्रश्न. तीही आता नातेवाइकांत फिरते आहे.