८२५५ : एका बाइटवर चालणारे तीन पोर्ट

इंटेलची ८२५५ ही चाळीस पिनांची चिप मायक्रोप्रोसेसर आणि बाहेरची उपकरणे यांच्या मध्ये बसते. कीबोर्ड, प्रिंटर, स्विच, दिवे यांना जोडायच्या चोवीस तारा तिच्यातून निघतात. यातली कोणती तार माहिती आत आणेल आणि कोणती बाहेर नेईल, हे चिप बनवताना ठरलेले नसते. प्रोग्रॅम एक बाइट लिहितो आणि ते ठरते. म्हणून तिला प्रोग्रॅमेबल पेरिफेरल इंटरफेस म्हणतात. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात ‘८२५५चे मोड सांगून कंट्रोल वर्डचे स्वरूप लिहा’ असा प्रश्न येतो, तेव्हा खरे तर त्या एका बाइटचीच चौकशी केलेली असते.

चोवीस तारांचे आठ-आठ तारांचे तीन पोर्ट होतात : ए, बी आणि सी. पोर्ट सी पुन्हा चार-चार तारांत विभागला जातो. वरचा अर्धा भाग पोर्ट एसोबत गट ए बनवतो आणि खालचा अर्धा भाग पोर्ट बीसोबत गट बी. ही विभागणी डोक्यात पक्की बसली, की पुढचे पाठ करण्यासारखे फारसे उरत नाही. प्रोसेसरच्या बाजूने चिपमध्ये चार पत्ते दिसतात. ए१ आणि ए० या दोन पिनांवर ०० असेल तर पोर्ट ए, ०१ असेल तर पोर्ट बी, १० असेल तर पोर्ट सी आणि ११ असेल तर कंट्रोल रजिस्टर निवडले जाते.

कंट्रोल रजिस्टरमध्ये लिहिलेल्या बाइटचा सर्वांत वरचा बिट, डी७, आधी पाहावा लागतो. तो १ असेल तर बाकीचे सात बिट पोर्टांचे मोड आणि दिशा ठरवतात. डी६ व डी५ हे गट एचा मोड सांगतात : ०० म्हणजे मोड शून्य, ०१ म्हणजे मोड एक, आणि डी६ १ असेल तर डी५ काहीही असला तरी मोड दोन. डी४ पोर्ट एची दिशा ठरवतो, तर डी३ वरच्या पोर्ट सीची. पुढे गट बीची पाळी येते. त्याला दोनच मोड असल्याने डी२ हा एकच बिट पुरतो. डी१ पोर्ट बीची दिशा ठरवतो आणि डी० खालच्या पोर्ट सीची. दिशेच्या चारही बिटांत १ म्हणजे आत, ० म्हणजे बाहेर. आउटपुटला १ असावा असे सहज वाटते आणि नेमकी इथेच उत्तरे उलटी लिहिली जातात.

१९८१च्या आयबीएम पीसीचे उदाहरण घेता येईल. त्यात ८२५५चे पत्ते 60H ते 63H होते. पोर्ट एवरून कीबोर्डचा कोड वाचायचा होता. पोर्ट सीवरून स्विचची मांडणी आणि मेमरीतील चुकीची खूण वाचायची होती. पोर्ट बी मात्र बाहेर लिहिण्यासाठी होता. त्याचे खालचे दोन बिट स्पीकरचा आवाज चालू-बंद करत. म्हणजे दोन्ही गट मोड शून्यमध्ये, ए आत, बी बाहेर आणि सीचे दोन्ही भाग आत. डी७पासून क्रमाने मांडले तर 1, 00, 1, 1, 0, 0, 1 असे बिट येतात. त्यांचा बाइट 10011001, म्हणजे 99H. बायोसमध्ये हेच लिहिलेले आहे :

```
MOV AL, 99H
OUT 63H, AL
```

मोड शून्यमध्ये देवाणघेवाणीचे काहीही नियम नसतात. आउटपुटला लिहिलेली किंमत पुढची येईपर्यंत लॅचमध्ये टिकते. इनपुट मात्र धरून ठेवला जात नाही. वाचताना तारेवर जे असेल तेच मिळते. स्विच किंवा दिवे यांच्यासाठी एवढे पुरते. पण प्रिंटर प्रोसेसरपेक्षा फार हळू चालतो. आधीचे अक्षर घेतले की नाही, हे कळल्याशिवाय पुढचे पाठवले तर अक्षरे गळतात.

त्यासाठी मोड एक आहे. इथे पोर्ट सीच्या काही तारा आपली नेहमीची भूमिका सोडून निरोप्याचे काम करतात. पोर्ट ए आउटपुट असेल तर प्रोसेसरने बाइट लिहिताच ओबीएफ ही तार खाली येते आणि ‘माहिती तयार आहे’ असे उपकरणाला कळते. उपकरण ती घेतल्यावर एसीके तार खाली ओढते, त्यामुळे ओबीएफ पुन्हा वर जाते. एसीके वर परतली की आयएनटीआर तार उंचावते आणि प्रोसेसरला पुढचा बाइट मागते. या तीन तारा अनुक्रमे पीसी७, पीसी६ आणि पीसी३ होत. पोर्ट ए इनपुट असेल तर पीसी४वर एसटीबी, पीसी५वर आयबीएफ आणि पुन्हा पीसी३वर आयएनटीआर असतो. पोर्ट बीला खालच्या पीसी२, पीसी१ आणि पीसी० या तारा मिळतात. मोड दोन फक्त पोर्ट एला लागू होतो. त्यात त्याच आठ तारांवर माहिती दोन्ही दिशांनी जाते, म्हणून पीसी३ ते पीसी७ या पाचही तारा निरोपात खर्ची पडतात. या दोन मोडांत सीच्या गुंतलेल्या तारांना कंट्रोल वर्डमधल्या दिशेच्या बिटांचे बंधन राहत नाही. ते बिट फक्त मोकळ्या उरलेल्या तारांसाठी असतात.

डी७ शून्य असला, की तोच पत्ता वेगळे काम करतो. मग पोर्ट सीचा एकच बिट चालू किंवा बंद करता येतो. डी३, डी२, डी१ बिटाचा क्रमांक सांगतात आणि डी० त्याची किंमत. डी६ ते डी४ यांना अर्थ नसतो. हा बाइट पोर्ट सीच्या पत्त्यावर लिहिण्याची चूक नेहमी होते, पण तो कंट्रोल रजिस्टरलाच लिहायचा असतो. याचा उपयोग दिवा लावण्यापुरता नाही. मोड एकमधल्या आयएनटीआरला आधी परवानगी लागते आणि ती याच मार्गाने मिळते. पोर्ट एवर प्रिंटर आहे, बाकी सर्व तारा आउटपुट आणि गट बी मोड शून्यमध्ये, असे धरले तर मोडचा बाइट 10100000, म्हणजे A0H. परवानगीचा फ्लिपफ्लॉप सहाव्या बिटाशी जोडलेला असल्याने दुसरा बाइट 00001101, म्हणजे 0DH. दुसरा बाइट विसरला तर प्रिंटर अक्षर घेतो, एसीके देतो, ओबीएफही परत वर जाते, पण इंटरप्ट कधीच येत नाही. खूण सोपी आहे : एक अक्षर छापते आणि काम थांबते. पीसी६ पिन एसीकेसाठी इनपुट असल्यामुळे या बाइटचा पिनवर काही परिणाम होत नाही. तो फक्त आतला फ्लिपफ्लॉप बदलतो.

क्रम उलटा झाला तरी हेच घडते, कारण मोडचा बाइट लिहिताच आउटपुटचे सर्व लॅच आणि परवानगीचे फ्लिपफ्लॉप शून्य होतात. म्हणून मध्येच मोड बदलला तर चालू असलेला रिले क्षणभर सुटतो. शिवाय मूळ ८२५५ए चिपमधून कंट्रोल वर्ड परत वाचता येत नाही. आधी कोणता मोड दिला होता, याची प्रत प्रोग्रॅमने मेमरीत स्वतः ठेवावी लागते. रीसेटनंतर मात्र स्थिती निश्चित असते : तिन्ही पोर्ट मोड शून्यमध्ये आणि आत वळलेले, म्हणजे प्रोग्रॅमचा पहिला बाइट पोहोचेपर्यंत चिप बाहेरच्या कोणत्याही उपकरणाला काही पाठवत नाही.